बुधवारी अकरा वाजता, ओरिजिनलसह

‘बुधवार को ११ बजे रजिस्ट्रेशन है. सब लोग ओरिजिनल के साथ टाईम पे आना. टेन्शन नक्को.’

हैदराबादच्या विद्यानगरातल्या आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला जाणार होता. त्या निमित्ताने एजंटभाईंनी ग्रुपवर टाकलेला हा पहिला संदेश. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही. तरी तासाभरात त्याखाली इतके प्रश्न जमले की मूळ संदेश शोधायला अंगठा दुखेपर्यंत वर सरकावं लागत होतं. अकरा म्हणजे घरातून निघायचे अकरा, की ऑफिसात पोहोचायचे? सब लोग म्हणजे सूनबाईसुद्धा? ओरिजिनल म्हणजे कशाचं? विकणाऱ्या काकूंनी विचारलं, “भावजी, ओरिजिनल रेशनकार्ड पण लागेल का हो?” घेणाऱ्या मुलाच्या वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त तेलुगू कॅलेंडरच्या पानाचा फोटो टाकला आणि त्यातल्या एका चौकटीभोवती लाल गोल काढला. बँकेच्या अधिकाऱ्याने अंगठा दाखवला. तो होकाराचा होता की ‘मी वाचलेलं नाही’ या अर्थाचा, हे बँकवाल्यांच्या बाबतीत सांगता येत नाही.

मराठी, तेलुगू आणि इथली दख्खनी या तिन्ही भाषांत मला भांडता येतं. एवढ्या पात्रतेवर नवा संदेश लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना माझ्या लक्षात आलं की एजंटभाईंचा संदेश वेळ सांगत होता, आणि भांडण वेळेचं नव्हतंच.

भांडण क्रमाचं होतं. विकणाऱ्या काकांचं म्हणणं, पैसे हातात आल्याशिवाय सही करणार नाही. त्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, त्यामुळे सही ही वस्तू ते जपून वापरतात. घेणारा मुलगा म्हणे, सही झाल्याशिवाय पैसे कसे सोडू? बँक म्हणे, नोंदलेला दस्त आमच्या हातात पडल्याशिवाय चौसष्ट लाख कुणाला दाखवायलासुद्धा मिळणार नाहीत. सब-रजिस्ट्रार साहेबांचं म्हणणं नेहमीचं: आधी सरकारचे पैसे, मग तुमचं काय ते. आणि एजंटभाईंना आपले टक्के चहाच्या टपरीवर, पण आजच, हवे होते. पाच जण, प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या खिशाकडे आणि स्वतःचा खिसा घट्ट धरलेला. अशा वेळी ‘सब लोग टाईम पे आना’ एवढं लिहून भागत नाही. कुणाच्या हातातून काय, कधी सुटणार आणि त्या क्षणी दुसऱ्या हातात काय असणार, हे लिहावं लागतं.

आधी हिशोब मांडला. सौदा पंच्याऐंशी लाखांचा. मालमत्ता पन्नास लाख किंवा त्याच्या वरची असली की घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. म्हणजे पंच्याऐंशी हजार काकांच्या हातात न येता त्यांच्या पॅनवर जमा होणार. टोकन पाच लाखांचं होतं. मुलगा हुशार, त्याने त्यातले पाच हजार तेव्हाच कापून चार लाख पंच्याण्णव हजार दिले होते. काकांनी त्या वेळी हा प्रकार ‘पोरगा घासाघीस करतोय’ या सदरात घातला होता. बँकेचं कर्ज चौसष्ट लाख. राहिले सोळा लाख, त्यातून उरलेले ऐंशी हजार टीडीएसचे वजा, म्हणजे पंधरा लाख वीस हजार. चार पंच्याण्णव, चौसष्ट आणि पंधरा वीस मिळून चौऱ्याऐंशी लाख पंधरा हजार. काकांना प्रत्यक्ष मिळणारा आकडा तोच.

हा आकडा संदेशात आधीच लिहावा, असा माझा आग्रह होता. नोंदणीच्या दिवशी होणारी निम्मी भांडणं या एक टक्क्याची असतात. विकणारा घरी पंच्याऐंशी लाखांचं कोष्टक करून आलेला असतो, एवढे मुलाला, एवढे मुलीला, एवढे ठेवीत. ऐन सहीच्या वेळी त्याला पंच्याऐंशी हजारांचं भोक दिसतं आणि तो पेन खाली ठेवतो. काकांनीही ठेवलंच असतं. पण मी आदल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन हे समजावलं, आणि त्यांनी पेन तेव्हाच, चहाच्या कपाशेजारी, खाली ठेवलं. अर्ध्या तासाने उचललं. हीच गोष्ट रजिस्ट्रार साहेबांच्या टेबलासमोर घडली असती तर स्लॉट गेला असता.

स्लॉट ही तेलंगणातली नवी चीज. २०२५च्या एप्रिलमध्ये आधी बावीस ऑफिसांत आणि जूनपासून सगळीकडे वेळ आरक्षित करून नोंदणी सुरू झाली. एका ऑफिसात दिवसाला अठ्ठेचाळीस स्लॉट. त्याआधी सकाळी जाऊन बसायचं आणि डॉक्युमेंट रायटरच्या पोऱ्याने हाक मारेपर्यंत बाकड्याची लाकडं मोजायची, अशी पद्धत होती. त्या पद्धतीत उशीर हा सगळ्यांचा समान हक्क होता. आता तो हक्क गेला. अगदीच अडलं तर संध्याकाळी पाचनंतर मोजून पाच जणांना स्लॉटशिवाय घेतात, पण त्या पाचांत आपण असू या भरवशावर चौसष्ट लाखांचा ड्राफ्ट घेऊन कोण जाईल?

त्यात आषाढ संपून श्रावण लागलेला. आषाढात इथली तेलुगू मंडळी घर घेत नाहीत, रिक्षासुद्धा विचार करून घेतात. मग महिनाभर तुंबलेलं सगळं श्रावणात एकदम ऑफिसच्या दारात येतं. आम्हाला मिळाला बुधवार, ६ ऑगस्टचा, दुपारी सव्वाबाराचा स्लॉट. एजंटभाईंनी सव्वाबाराचे अकरा का केले असतील? त्यांच्या मते गिऱ्हाइकाला खरी वेळ सांगितली की ते खऱ्या वेळेला निघतं.

बुधवारी राहुकाळ बारा ते दीड. लाल गोलाचा उलगडा हा. शिवाय बुधवारचा दुर्मुहूर्तही ऐन मध्यान्हीच्या आसपासच असतो, त्यामुळे मुलाच्या वडिलांनी दोन गोल काढले होते, दुसरा फोटोत नीट आला नव्हता इतकंच. फोनवर त्यांनी मला नम्रपणे पण ठामपणे सांगितलं, “इल्लु कदंडी.” शेवटी घर आहे. काकांना राहुकाळाचं काही नव्हतं. विकणाऱ्याला मुहूर्त लागत नाही, घेणाऱ्याला लागतो, हा त्यांचा सिद्धांत. पण सौदा मोडायला एका बाजूचा राहू पुरतो.

इथे बँकेच्या पॅनेलवरचे वकील उपयोगी पडले. वकिलाने अडचण वाढवण्याऐवजी कमी केल्याचा प्रसंग दुर्मीळ म्हणून सविस्तर सांगतो. त्यांनी विचारलं, “मुहूर्त कशाचा हवा आहे? सहीचा की नोंदणीचा?” दोन्ही एकच, असं आपण धरून चालतो. कायदा धरत नाही. दस्तावर सही करणं हे एक कृत्य. त्याला वकील ‘निष्पादन’ म्हणतात, आणि ते घरी, बँकेत, देवळात, कुठेही करता येतं. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करायचा, असं १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम २३ सांगतं. ऑफिसात जाऊन विकणारा फक्त कबूल करतो की होय, ही सही माझीच. आणि कलम ४७ असं की नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या घटकेपासून नव्हे, तर नोंदणीची गरज नसती तर ज्या घटकेपासून लागू झाला असता तिथपासून लागू होतो. थोडक्यात, सकाळी दहा वाजता सही केली आणि सव्वाबाराला राहूच्या साक्षीने अंगठा लावला, तरी घर दहा वाजताचं.

मुलाच्या वडिलांनी हे दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा तेलुगूत ऐकलं आणि म्हणाले, “इंग्रजांनी कायदा चांगला केला.” १९०८ साली ब्रिटिशांच्या डोक्यात राहू नसावा, पण सोय झाली.

सोय झाली तशी एक अट आली. मुद्रांक कायद्याचं कलम १७ म्हणतं, मुद्रांक शुल्क सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळी भरलेलं हवं. म्हणजे सही दहाला हवी असेल तर चालान त्याच्या आधी. त्यामुळे आमच्या वेळापत्रकातली पहिली ओळ बुधवारची राहिलीच नाही, ती सोमवारची झाली.

चालानाचा आकडा पुण्याच्या नातेवाइकांना पटवणं हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. काकांचा मुलगा पुण्यात. काका-काकू घर विकून त्याच्याकडेच निघालेले. पुण्याचा माणूस फोनवर असला की इतर राज्यांचे कायदे त्याला आपल्याच कायद्याची चुकलेली प्रत वाटतात. त्याने सुचवलं, घेणाऱ्यांना म्हणावं बायकोच्या नावावर घ्या, एक टक्का वाचेल. ती सवलत महाराष्ट्रातली. आमच्या नोंदणीच्या वेळी तेलंगणात ती नव्हती. मग तो म्हणाला, नोंदणी फी तीस हजारांच्या वर जातच नाही. तेही महाराष्ट्रातलं. इथे २०२१च्या जुलैपासून मुद्रांक साडेपाच टक्के, हस्तांतरण शुल्क दीड टक्का, नोंदणी फी अर्धा टक्का, एकूण साडेसात. आणि ते सौद्याच्या किमतीवर किंवा सरकारी बाजारभावावर, जे जास्त असेल त्यावर. पंच्याऐंशी लाखांचे झाले सहा लाख साडेसदतीस हजार. म्युटेशनचं आणि यूजर चार्जेसचं वेगळं. यातला रुपयाही बँक कर्जात धरत नाही, सगळा घेणाऱ्याच्या खिशातून. मुलाने हा आकडा ऐकून थोडा वेळ खिडकीतून अडिकमेटच्या पुलाकडे पाहिलं.

या आकड्यात एक गंमत आहे. दस्ताचं पहिलं पान शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर छापतात. ते शंभर रुपये सरकारला पोहोचलेले असतात, म्हणून चालानात तेवढे वजा करायचे: मुद्रांकाचे चार लाख सदुसष्ट हजार पाचशे नव्हे, चार लाख सदुसष्ट हजार चारशे. पंच्याऐंशी लाखांच्या व्यवहारात शंभर रुपयांची ही वजाबाकी डॉक्युमेंट रायटर ज्या गांभीर्याने करतो, ते बघून सरकारी हिशोबावरचा विश्वास वाढतो. शंभर जास्त भरले तर कुणी हरकत घेत नाही, फक्त ते परत मागायला लागणारा रिक्षाचा खर्च शंभराच्या वर जातो.

मुलाच्या नेटबँकिंगला दिवसाची मर्यादा पाच लाखांची होती. हे त्याला रात्री साडेअकराला, पैसे भरताना कळलं. अशा गोष्टी दिवसाढवळ्या कळत नाहीत. पण तो सोमवार होता आणि मंगळवार शिल्लक होता. चालान सोमवारी, हे आधीच ठरवून घेतल्याचा फायदा एवढाच की भूकंपाला एक दिवस मोकळा मिळतो.

आता पैसे. काकांना आरटीजीएस हवं होतं, कारण ते फोनवर टिंग वाजून येतं. पण त्याचा तिढा असा की दस्तात पैसे कसे दिले हे लिहावं लागतं, नंबरासह. आरटीजीएसचा नंबर पैसे गेल्यावर मिळतो. म्हणजे दस्त छापण्याआधी पैसे गेलेले हवेत, आणि घेणारा तर सहीआधी सोडायला तयार नाही. या कोंडीवरचा उपाय जुनाच आहे: डिमांड ड्राफ्ट. ड्राफ्टचा नंबर आदल्या दिवशी मिळतो, दस्तात छापता येतो, आणि ड्राफ्ट मात्र काढणाऱ्याच्या ताब्यात राहतो. विकणाऱ्याला दिसतं की बँकेने पैसे बाजूला काढले आहेत, तो चेकसारखा परत येणार नाही. घेणाऱ्याला ठाऊक असतं की काही बिनसलं तर तो हातातला ड्राफ्ट रद्द करून घेता येईल. दोघांचाही अविश्वास अबाधित ठेवून व्यवहार पुढे नेणारी एवढी चांगली चिठ्ठी दुसरी नाही. आम्ही दोन्ही रकमांचे ड्राफ्टच ठरवले, चौसष्ट लाखांचा बँकेकडून आणि पंधरा लाख वीस हजारांचा मुलाच्या खात्यातून.

ड्राफ्टवर नाव कोणतं, यात एक संध्याकाळ गेली. काकांच्या १९९४च्या खरेदीखतात त्यांचं आडनाव इथल्या रिवाजाप्रमाणे पुढे, एका अक्षरात, आणि नावाला राव जोडलेलं. आधारवर राव नाही. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आणि आडनाव शेवटी, अगदी लातूरच्या शाळेच्या दाखल्यासारखं. पासबुकात राव आहे पण आडनाव गायब. कागदोपत्री तिसऱ्या मजल्यावर चार गृहस्थ राहत होते. वकिलांनी सांगितलं, ड्राफ्ट पासबुकातल्या नावाने काढा, कारण वटायचा तिथेच आहे. दस्तात ‘उर्फ’ घालून सगळी नावं लिहा, आणि ही चारही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. काकूंनी ते वाचून विचारलं, “यांतला पेन्शन कोण घेतो?”

मग ‘ओरिजिनल’. हा शब्द संदेशात एकटा सोडायचा नाही, असं मी ठरवलं होतं. काकांकडे १९९४चं मूळ खरेदीखत होतं. त्याच्या आधीचे दुवे, ज्यांना इथे लिंक डॉक्युमेंट म्हणतात, तेही होते. सगळ्यात जुना कागद जागा मोकळी असतानाचा, गजांत मोजलेला. फ्लॅट चौरस फुटांत विकला जातो, पण त्याच्या वाट्याची जमीन अजून गजांतच. बँकेला ही साखळी मूळ कागदांत हवी असते, कारण ती कर्ज फिटेपर्यंत तिच्या कपाटात जाणार असते.

पण खरा अडथळा कपाटातल्या कागदात निघालाच नाही. तो ईसीत निघाला, म्हणजे बोजा दाखवणाऱ्या दाखल्यात. तो तेलंगणात १९८३पासूनचा संगणकावर काढता येतो. काकांनी हे घर घेताना कर्ज काढलं होतं आणि ते फेडूनही जमाना झाला होता. पेढेही वाटले होते. ईसीवर मात्र मूळ दस्त बँकेकडे गहाण ठेवल्याची नोंद जशीच्या तशी उभी. कर्ज फेडलं की कागद घरी येतात, पण नोंद आपोआप पुसली जात नाही, तिला सोडचिठ्ठीचा वेगळा दस्त नोंदवावा लागतो. जुन्या बँकेची ती शाखा दरम्यान दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि फाईल कुठल्याशा गोदामात होती. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने कागद परत द्यावेत आणि नोंदलेला बोजा उतरवावा. उशीर केला तर दिवसाला पाच हजार. तो लागू २०२३च्या डिसेंबरपासून, काकांच्या कर्जाच्या कामाचा नाही. आमचा अख्खा आषाढ त्या सोडचिठ्ठीत गेला. तेलुगू लोक या महिन्यात व्यवहार करत नाहीत यामागचं कारण मला तेव्हा समजलं: हा महिना कागद जमवायचा आहे.

म्हणून ईसी दोनदा काढावी. एकदा टोकन देण्याआधी आणि एकदा नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी. दुसरी कशाला? मधल्या काळात विकणाऱ्याने आणखी कुणाला करार करून दिला नाही ना, हे बघायला. काकांना या दुसऱ्या ईसीचा राग आला. मी म्हटलं, “काका, तुमच्यावर नाही, त्या उरलेल्या तिघांवर संशय आहे.”

मंगळवारी संध्याकाळी जो संदेश गेला तो तीन भाषांत होता. त्यातला मराठी असा:

‘बुधवार, ६ ऑगस्ट. चालान भरलं आहे, नंबर वर दिला आहे. टीडीएसही भरला आहे, पावती वकिलांकडे. काकांना प्रत्यक्ष मिळणार: दोन ड्राफ्ट, ६४,००,००० आणि १५,२०,०००. टोकनचे ४,९५,००० आधी मिळाले. बाकी ८५,००० काकांच्या पॅनवर. यावर आज रात्रीपर्यंत बोला, उद्या नाही.

‘सकाळी पावणेदहा, बँकेची शाखा. काका-काकू, घेणारे दोघे, दोन साक्षीदार. दहा ते साडेदहा दस्तावर सह्या, ड्राफ्ट टेबलावर समोर. सह्या झाल्यावर दस्त आणि ड्राफ्ट दोन्ही बँकेच्या अधिकाऱ्यांकडे. ते दोन्ही घेऊन आपल्यासोबत येतील.

‘काकांनी आणायचं: १९९४चं मूळ खरेदीखत, सगळे लिंक कागद, सोडचिठ्ठीचा दस्त, घरपट्टीची चालू वर्षाची पावती, शेवटचं वीजबिल, असोसिएशनचं ना-देय पत्र. सगळ्यांनी: मूळ आधार, मूळ पॅन, दोन फोटो. साक्षीदारांनीसुद्धा आधार. रेशनकार्ड नको.

‘साडेअकराला सब-रजिस्ट्रार ऑफिस. स्लॉट १२.१५. अंगठे झाले, साहेबांनी नोंद घेतली, की ड्राफ्ट काकांच्या हातात, तिथेच. मूळ दस्त स्कॅन होऊन मिळेल तो बँकेकडे. किल्ल्या ड्राफ्टनंतर. एजंटभाईंचं किल्ल्यांनंतर.

‘ज्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक केले असतील त्यांनी आजच उघडावेत.’

शेवटची ओळ मी सवयीने घातली होती आणि तीच कामाला आली. ऑफिसात बोटांचे ठसे आधारशी ताडून पाहतात. फोनवरून फसवणारे लोक वाढले म्हणून पुण्याच्या मुलाने आई-वडिलांचे बायोमेट्रिक सहा महिन्यांपूर्वीच लॉक करून टाकले होते. सांगायला विसरला होता. ही ओळ वाचून त्याचा रात्री दहाला फोन आला. उघडायला ओटीपी लागतो, तो आधारशी जोडलेल्या नंबरावर येतो, आणि तो नंबर काकांच्या एका जुन्या फोनमध्ये होता. तो फोन काकूंनी गहू निवडताना आकाशवाणी ऐकायला म्हणून स्वयंपाकघरात ठेवला होता. ओटीपी गव्हाच्या डब्याशेजारी आला.

बुधवार तसा बराचसा बेताप्रमाणे पार पडला. एजंटभाई शाखेत अकराला आले, कारण त्यांनी स्वतःसाठीही अकराच ठेवले होते. सह्या दहा वाजून पाच मिनिटांनी झाल्या. मुलाच्या वडिलांनी घड्याळ काढून मेजावर ठेवलं होतं, आणि पहिली सही झाल्यावर ते मनातल्या मनात काही पुटपुटले आणि घड्याळ पुन्हा बांधलं. त्या क्षणापासून ते इतके निर्धास्त झाले की ऑफिसात राहुकाळ सुरू असताना बाहेर जाऊन इराण्याचा चहा आणि उस्मानिया बिस्किटं खाऊन आले.

ऑफिसात काकूंचा अंगठा यंत्राने ओळखला नाही. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या अंगठ्यावर रेषा राहत नाहीत. ऑपरेटरने अंगठा पुसायला सांगितला, मग ओला करायला, मग पुन्हा पुसायला. शेवटी डोळ्यांचं यंत्र काढलं. ते पहिल्या फटक्यात चाललं. सगळं मिळून स्लॉटचं काम वीस मिनिटांत झालं, त्यातली बारा अंगठ्याची.

ड्राफ्ट हातात आल्यावर काकांनी नाव वाचलं, रक्कम अंकांत वाचली, अक्षरांत वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. मग किल्ल्या दिल्या. पुढच्या दारची, मागच्या दारची, गच्चीची, आणि एक किल्ली कशाची ते कुणालाच माहीत नव्हतं, तीही दिली. पुण्याहून फोन आला, “सूची दोन मिळाली का?” काका म्हणाले, “इथे नसते. ठेव फोन.”

संध्याकाळी ग्रुपवर एजंटभाईंनी लिहिलं, ‘बोला था ना, टेन्शन नक्को.’

आमच्याच इमारतीत दसऱ्यानंतर पहिल्या मजल्याचा सौदा होणार असल्याचं कळतं. ज्यांना वरचा संदेश हवा त्यांनी खुशाल उतरवून घ्यावा. वार, रकमा आणि स्लॉट आपापले घालावेत, महाराष्ट्रात असाल तर शुल्काचे दर तिथले बघावेत. टीडीएसची ओळ मात्र काढू नका, आणि ती आदल्या रात्रीच वाचली गेली आहे ना, याची फोन करून खात्री करा. नुसत्या अंगठ्यावर विसंबू नका.